एक्सेलने मोरारजींना दिलेला जादा वाढदिवस

माजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. अशा माणसाचा वाढदिवस चार वर्षांनी येतो असे आपण धरून चालतो, पण मोरारजींना पहिल्या वाढदिवसासाठी १९०४ पर्यंत, म्हणजे तब्बल आठ वर्षे थांबावे लागले. मधल्या १९०० सालच्या फेब्रुवारीत २८च दिवस होते. एक्सेलला हे मान्य नाही. कोणत्याही रिकाम्या खान्यात हे लिहून पाहा:

```
=DAY(DATE(1900,3,0))
```

मार्चची शून्यावी तारीख म्हणजे फेब्रुवारीचा शेवटचा दिवस, असा या सूत्राचा अर्थ. एक्सेल उत्तर देते २९. हेच सूत्र गूगल शीट्समध्ये टाकले तर २८ येते, आणि तेच बरोबर आहे.

१९०० ला चारने भाग जातो, मग ते लीप वर्ष का नाही? ऋतुचक्राचे वर्ष ३६५ दिवस, ५ तास आणि सुमारे ४९ मिनिटांचे असते. दर चार वर्षांनी एक दिवस वाढवताना आपण ते पुरते ३६५ दिवस ६ तासांचे मानतो, म्हणजे दरवर्षी सुमारे ११ मिनिटे जास्त मोजतो. ४०० वर्षांत ही उधळपट्टी तीन दिवसांवर जाते. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये आणलेल्या कॅलेंडरने हे तीन दिवस कापण्याची जागा ठरवून दिली: शतक पूर्ण करणारी वर्षे लीप नाहीत, मात्र ४०० ने भाग जात असेल तर आहेत. म्हणून १७००, १८००, १९०० साधी वर्षे आणि २००० लीप.

एक्सेलची चूक मुळात एक्सेलची नव्हे. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटने १९०० ला लीप मानले. १ जानेवारी १९०० ला १ धरून प्रत्येक तारखेला एक क्रमांक देण्याची तिची पद्धत होती. लोटसच्या फायली आपल्याकडे जशाच्या तशा उघडाव्यात म्हणून एक्सेलने ही मोजणी चुकीसकट उचलली. त्यामुळे अस्तित्वातच नसलेल्या २९ फेब्रुवारी १९०० ला ६० हा क्रमांक मिळाला आणि १ मार्चला ६१. आता तो खोटा दिवस काढायचा, तर पुढच्या प्रत्येक तारखेचा क्रमांक एकाने सरकेल आणि जगभरच्या जुन्या फायलींतल्या तारखा बिघडतील. चूक ठेवणेच स्वस्त पडते.

नवा प्रोग्राम लिहिणाऱ्याला मात्र ही सबब नाही. पायथॉनमध्ये फेब्रुवारीचे दिवस सांगणारे फंक्शन एवढेसेच आहे:

```python
def feb_days(y):
    if y % 400 == 0:
        return 29
    if y % 100 == 0:
        return 28
    if y % 4 == 0:
        return 29
    return 28
```

`%` हे चिन्ह भागाकाराची बाकी देते. सगळी गंमत क्रमात आहे. १९०० दिले की पहिल्या प्रश्नाला बाकी ३०० उरते, म्हणून गाडी पुढे जाते. दुसऱ्या प्रश्नाला बाकी शून्य, म्हणून २८ सांगून काम तिथेच संपते. चारचा प्रश्न विचारायची पाळीच येत नाही. तोच प्रश्न हौसेने सर्वांत वर ठेवला, तर १९०० तिथेच अडकून २९ घेऊन बाहेर पडेल.

तपासताना बहुतेक जण चालू वर्ष आणि त्याच्या पुढचे-मागचे वर्ष घालून समाधान मानतात. त्यातून काहीच कळत नाही, कारण १९०१ ते २०९९ या काळात नुसता चारचा नियमही अचूक चालतो. २०२३, २०२४, १९०० आणि २००० ही चार वर्षे घाला. १९०० ला २९ आले तर शंभरचा नियम राहिला आहे किंवा चुकीच्या जागी बसला आहे. २००० ला २८ आले तर चारशेचा राहिला. यातला मासलेवाईक भाग असा की, फक्त चारचा नियम ठाऊक असलेल्याचे २००० साल बिनचूक पार पडते. शंभरचा शिकून चारशेचा विसरलेला तिथे फसतो.

या फंक्शनला एक मर्यादा आहे. ते ग्रेगरी यांचे कॅलेंडर कायमच लागू होते असे धरून चालते. प्रत्यक्षात इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींनी ते १७५२ मध्ये स्वीकारले, तर पोर्तुगालने १५८२ मध्येच. तेव्हा जुनी कागदपत्रे संगणकात भरणाऱ्यांनी साल देण्याआधी दप्तर कोणाचे आहे ते पाहावे. `feb_days(1700)` चे उत्तर २८ येईल आणि पोर्तुगीजांच्या गोव्यापुरते ते खरेही आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईत मात्र त्या वर्षीच्या फेब्रुवारीत २९ दिवस होते.