०.३१ की ०.३२?

एमएचटी-सीईटीत प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय असतात. आकडेमोड थोडी ढिली झाली, उत्तर ०.३० आलं आणि पर्यायांत ०.३२ दिसलं, की मुलं ‘हेच असणार’ म्हणत पुढे सरकतात. जेईईच्या संख्यात्मक प्रश्नांत ही सोय नाही. पर्यायच नसतात, पडद्यावरच्या कीपॅडवरून आकडा भरायचा.

एक प्रश्न सोडवून पाहू. उंचावरून दगड सोडला. गुरुत्वत्वरण १० धरलं, तर १० मीटर पडल्यापासून १५ मीटर पडेपर्यंत किती वेळ जाईल? सूत्रात किमती घातल्या की पहिल्या १० मीटरना √२ सेकंद लागतात आणि १५ मीटरना √३. उत्तर √३ − √२. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, म्हणून बरेच जण १.७ वजा १.४ करून ०.३० लिहितात. खरं उत्तर ०.३१७८ आहे.

गंमत अशी, की १.७ आणि १.४ या दोन्ही किमतींतली चूक दोन टक्क्यांच्या आत आहे, पण वजाबाकीनंतर ती साडेपाच टक्क्यांवर जाते. जवळजवळ सारख्या संख्या वजा केल्या, की त्यांचा मोठा भाग कटून जातो आणि चूक तेवढी मागे उरते. त्यावर उपाय आहे. हेच उत्तर १ ÷ (√३ + √२) असंही मांडता येतं. आता त्याच ओबडधोबड किमती घातल्या तरी १ ÷ ३.१, म्हणजे ०.३२ येतं.

आता ०.३१७८ भरायचं कसं? जेईई अॅडव्हान्स्डच्या सूचनेत दोन दशांशस्थळांपर्यंत उत्तर छाटा किंवा राउंड ऑफ करा, असं म्हटलेलं असतं. छाटलं तर ०.३१, राउंड ऑफ केलं तर ०.३२. दोन्ही ग्राह्य धरायची, तर उत्तरसूचीत एक आकडा पुरत नाही, पल्ला द्यावा लागतो. २०१८मध्ये आयआयटी कानपूरने घेतलेल्या परीक्षेत ७ आणि ७.०० सारखेच मानायचे का, यावरून वाद पेटला आणि तो मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेला. माझ्या मते ७ लिहिणाऱ्याचे गुण कापणं म्हणजे गणिताऐवजी टंकलेखनाची परीक्षा घेणं.

पण हा पल्ला कशासाठी आहे, हे ओळखायला हवं. शेवटच्या पायरीवर कुणी छाटेल, कुणी राउंड ऑफ करेल, तेवढ्याच फरकासाठी ती सवलत असते. मधेच १.७ धरून आलेलं ०.३० तिच्यात बसत नाही.

जेईई मेनमध्ये सहसा जवळच्या पूर्णांकात उत्तर मागतात. तिथे हाच वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागांत विचारला, तर ३१.७८चे ३२ होतात. छाटून ३१ भरणाऱ्याला गुण नाहीत, उलट चुकीच्या उत्तराचा एक गुण वजा होतो. अॅडव्हान्स्डच्या सवयीने आकडा छाटणारे नेमके इथे सापडतात.