आरोप तेवढाच, तारीख तीच

चाकण किंवा रांजणगावच्या औद्योगिक पट्ट्यात कामगाराच्या हातात पडणारं पत्र बहुतेक वेळा दोनदा लिहिलेलं असतं. मुख्य कार्यालयातून इंग्रजी मजकूर येतो आणि कारखान्यातलं कार्मिक खातं किंवा बाहेरचा अनुवादक त्याचं मराठी करतो. कामगार उत्तर देतो ते मराठी वाचून, आणि कंपनी पुढे बोट ठेवते ते इंग्रजी मजकुरावर. कामगार न्यायालयात बरंचसं काम मराठीत चालतं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं की तिथली भाषा इंग्रजी, त्यामुळे मराठी कागद पुन्हा इंग्रजीत न्यावे लागतात. या ये-जा करण्यात आरोप फुगला किंवा तारीख एका दिवसाने सरकली, तर त्याची किंमत कामगाराला तरी मोजावी लागते नाही तर कंपनीला.

नमुन्यादाखल एक काल्पनिक नोटीस घेऊ. इंग्रजी मजकुराचा आशय असा: 12 मार्च 2024 च्या तिसऱ्या पाळीत, पहाटे 2 वाजून 10 मिनिटांनी, संबंधित कामगार पर्यवेक्षकाच्या परवानगीविना वेल्डिंगची जागा सोडून गेला व स्टोअरमागच्या बाकावर आडवा पडलेला आढळला, असा अहवाल आला आहे. नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी खुलासा द्यावा.

आता घाईत केलेलं मराठी पाहा: ‘दि. 12 रोजी रात्री 2 वाजता आपण मुद्दाम काम टाकून स्टोअरमागे झोपला होतात. सात दिवसांत खुलासा करावा.’ वाचायला हे सोपं आहे, ओघवतंही आहे. पण एवढ्या दोन वाक्यांत चार ठिकाणी मजकूर घसरला आहे.

पहिली घसरण क्रियापदाची. मुळात ‘असा अहवाल आला आहे’ असं आहे. कारणे दाखवा नोटीस म्हणजे आरोप, त्यावर निर्णय व्हायचा असतो. मराठीत ‘झोपला होतात’ म्हटलं की चौकशीआधीच निकाल लागला. कंपनीचं मन आधीच ठरलं होतं, चौकशी हा नुसता देखावा होता, असा युक्तिवाद कामगाराचा वकील या एका क्रियापदावर उभा करू शकतो. म्हणून नोटिशीत ‘गेल्याचा आरोप आहे’, ‘आढळल्याचा अहवाल आहे’ ही रचना शेवटपर्यंत सांभाळायची. प्रत्येक वाक्यात ती खटकते, मान्य आहे. खटकू द्यावी. उलट चौकशीनंतरच्या बडतर्फीच्या पत्रात ‘आरोप सिद्ध झाला आहे’ असं असेल, तर तिथे ‘असे दिसते’ लिहून ते पातळ करायचं नाही.

दुसरी घसरण आपल्या भाषेच्या सवयीची. मराठीत माणूस आडवा झाला तरी ‘झोपला’ आणि गाढ घोरत पडला तरी ‘झोपला’च. कामावर झोपणं हे अनेक कारखान्यांच्या स्थायी आदेशांत वेगळं गैरवर्तन म्हणून लिहिलेलं असतं. बाकावर पाठ टेकणं ही त्याहून हलकी गोष्ट आहे, आणि कामगाराचा खुलासा नेमका तोच असू शकतो: ‘चक्कर आली म्हणून पडलो होतो, जागा होतो.’ अनुवादकाने ‘झोपला’ लिहून त्याची वाटच बंद केली. पुढे हाच मराठी शब्द उच्च न्यायालयासाठी इंग्रजीत गेला की ती सरळ झोपच होणार.

तिसरी घसरण ‘मुद्दाम’ची. मुळात हा शब्द नाही. केंद्राच्या आदर्श स्थायी आदेशांत गैरवर्तनांची जी यादी आहे, तिच्यात आज्ञाभंग ‘जाणूनबुजून’ केलेला असावा लागतो, तर निष्काळजीपणा ‘सवयीचा’ असावा लागतो. ही विशेषणं शोभेची नाहीत. कंपनीला ती पुराव्याने सिद्ध करावी लागतात. कृष्णकांत परमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली म्हटलं की, विनापरवाना गैरहजेरी हेतुपुरस्सर होती हे सिद्ध झाल्याशिवाय ती गैरवर्तन ठरत नाही. म्हणजे अनुवादकाने सहज घातलेलं ‘मुद्दाम’ आरोप वाढवतं, कंपनीवर सिद्ध करण्याचा बोजाही वाढवतं आणि दोन्ही पक्षांनी न मागितलेला वाद उभा करतं.

यावर एक साधा उपाय आहे आणि तो फारसा कोणी वापरत नाही. 1946 च्या स्थायी आदेश कायद्याने कारखान्याला आपले आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत फलकावर लावायला सांगितलं होतं. ज्या कारखान्यात तो मराठी मजकूर उपलब्ध आहे, तिथे नोटिशीतल्या कलमाचे शब्द त्यातूनच जसेच्या तसे उचलावेत. तो मजकूर रुक्ष आणि जुनाट वाटेल, पण कामगार ज्या नियमाखाली अडकला आहे तो नियम त्याला फलकावर ओळखता येईल.

चौथी घसरण तारखेची आणि तीच सगळ्यात महाग पडते. तिसरी पाळी 12 तारखेच्या रात्री सुरू होते, पण 2 वाजतात तेव्हा कॅलेंडरवर 13 तारीख असते. ‘12 रोजी रात्री 2’ म्हणजे कोणती रात्र? आदल्या रात्री तो सुट्टीवर असेल तर अख्खा आरोप कोसळू शकतो. मुळात पाळी आणि वेळ दोन्ही दिली असतील तर मराठीतही दोन्ही हवीत: ‘12 मार्चच्या तिसऱ्या पाळीत, पहाटे 2 वाजून 10 मिनिटांनी’. मूळ मजकूरच संदिग्ध असेल तर अनुवादकाने आपल्या अंदाजाने 13 घालू नये. आहे तसं ठेवून पत्र लिहिणाऱ्याला विचारावं. परदेशी कंपनीच्या पत्रात 04/06 दिसलं की 4 जून की 6 एप्रिल हे विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये, आणि मराठीत महिना अक्षरांत लिहावा. ‘मिळाल्यापासून’ हा शब्द गाळला तर सात दिवस पत्रावरच्या तारखेपासून धरले जातील, आणि टपालात चार दिवस गेले तर कामगाराकडे उरतील तीन.

समजा, चौकशी झाली आणि शेवटचं पत्र आलं: ‘15 मे रोजी कामाची वेळ संपल्यापासून बडतर्फ’. याचं ‘15 मेपासून बडतर्फ’ केलं की त्या दिवसाचा पगार गेला. ग्रॅच्युइटीसाठी लागणारी पाच वर्षांची सलग सेवा नेमकी त्याच दिवशी पुरी होत असेल तर नुकसान पगारापुरतं राहत नाही. ‘बडतर्फ’ हा शब्दही हलवायचा नाही. माणुसकी म्हणून काही जण तिथे ‘सेवा समाप्त’ लिहितात. पण शिक्षा म्हणून काढणं, नुसतं सेवामुक्त करणं आणि कामगार कपात करणं यांचे परिणाम वेगवेगळे आहेत. कपातीत भरपाई मिळते, बडतर्फीत मिळत नाही. दंगेखोर वर्तन किंवा हिंसेसाठी काढलं असेल तर ग्रॅच्युइटी पूर्णपणे जप्त होऊ शकते, म्हणून ‘हुज्जत घातली’ याचं ‘दंगा केला’ होऊ देणं म्हणजे कुणाच्या तरी आयुष्यभराच्या पैशाशी खेळणं आहे.

काम हातावेगळं करण्याआधी मी दोन्ही मजकुरांतल्या सगळ्या तारखा, वेळा, कलमं आणि टोकन नंबर पेन्सिलीने गोल करून एकास एक जुळवते. मुळात परिच्छेद 2 मध्ये 12 आणि परिच्छेद 5 मध्ये 21 असेल तर ती चूक दुरुस्त करणं माझं काम नाही. ती तशीच ठेवून ‘मुळात असेच’ अशी टीप द्यायची. त्या विसंगतीचा फायदा कुणाला मिळावा हे न्यायालय ठरवेल.

अशी पत्रं ज्यांच्या हातात पडतात त्यांच्यासाठी एवढंच: इंग्रजी आणि मराठी दोन्ही प्रती मागून घ्या आणि पोच देताना सहीखाली त्या दिवसाची तारीख स्वतःच्या अक्षरात घाला. फाइलमध्ये पडून राहिलेला, कळवलाच न गेलेला बडतर्फीचा आदेश लिहिल्या तारखेपासून लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने अमरसिंग हरिका प्रकरणात 1966 सालीच सांगितलं आहे. पत्र तुम्हाला कधी मिळालं हे दाखवणारा सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे तुम्ही स्वतः लिहिलेली ती तारीख.