पीपीएफवर लिहायचंय? आधी शीर्षकं मांडा

पीपीएफवर एकच मोठा लेख लिहिला, तर खातं उघडणाऱ्याला आणि मुदत संपत आलेल्याला एकाच गर्दीत आपलं उत्तर शोधावं लागतं. सुटे दहा लेख लिहिले, तर तीच माहिती पुन्हा पुन्हा येते. म्हणून आखणी अशी करावी: एक मुख्य लेख आणि त्याला जोडलेले पूरक लेख.

मुख्य लेखाचं शीर्षक: ‘पीपीएफ खातं: उघडण्यापासून मुदत संपेपर्यंत’. यात प्रत्येक टप्पा चार-पाच ओळींत सांगायचा आणि तिथूनच पूरक लेखाचा दुवा द्यायचा. पूरक लेखांची शीर्षकं खातेदाराच्या प्रश्नांवरून ठरवायची:

१. पीपीएफचे पैसे पाच तारखेच्या आत का भरायचे?
२. पीपीएफमधून मुदतीआधी पैसे मिळतात का?
३. मुलाच्या नावाचं पीपीएफ: दीड लाखाची मर्यादा कशी मोजतात?
४. बंद पडलेलं पीपीएफ खातं पुन्हा कसं सुरू करायचं?
५. पंधरा वर्षं झाली, आता पीपीएफचं काय करायचं?

पहिल्या लेखात एकच गोष्ट नीट समजवायची. पाच तारीख संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असते, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज मिळतं. दीड लाख रुपये ५ एप्रिलऐवजी ६ एप्रिलला जमा झाले, तर ७.१ टक्के दराने सुमारे ८८७ रुपयांचं व्याज हुकतं. हे उदाहरण दिलं की ‘पीपीएफचं व्याज कसं मोजतात?’ असा वेगळा लेख लागत नाही. दोन शीर्षकांखाली तेच उत्तर येत असेल, तर एक शीर्षक खोडावं.

दुसऱ्या लेखाचे ‘कर्ज’ आणि ‘अंशतः रक्कम काढणं’ असे दोन तुकडे करण्याचा मोह होतो. पण कर्ज तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात मिळतं आणि रक्कम सातव्यापासून काढता येते. पैशांची नड असलेल्या माणसाला आपण कोणत्या वर्षात आहोत, त्यावरून दोन्हींतलं काय मिळेल हे कळायला हवं. म्हणून हे एकत्रच ठेवावं.

‘पीपीएफ की ईएलएसएस?’ हे शीर्षक मात्र इथे बसत नाही. तो प्रश्न खातं चालवण्याचा नसून करबचतीसाठी पर्याय निवडण्याचा आहे. त्याचा स्वतंत्र गट करावा.

शेवटची खबरदारी आकड्यांची. सरकार व्याजदराचा दर तिमाहीला आढावा घेतं. चालू दर फक्त मुख्य लेखात लिहावा आणि पूरक लेखांतल्या हिशेबापुढे तो कोणत्या दराने केला हे नोंदवावं. मग दर बदलला तरी दुरुस्ती एकाच जागी करावी लागते आणि जुनं उदाहरण वाचकाची दिशाभूल करत नाही.