घरी बोललं की झालं? परमुलखातल्या मराठीविषयीचे गैरसमज

नोकरीनिमित्त चेन्नईत आलेल्या मराठी आईबापांना पहिला सल्ला मिळतो तो असा: शाळेत इंग्रजी, रस्त्यावर तमिळ, त्यात हिंदी, आता मराठीचं ओझं कशाला, पोरगं गोंधळेल. हा समज जुना आहे. दोन भाषांनी मुलाची बुद्धी मंदावते असं एकेकाळी अभ्यासकही मानत. १९६२ मध्ये पील आणि लॅम्बर्ट यांनी मॉन्ट्रियलमधली दहा वर्षांची मुलं तपासली, तेव्हा द्विभाषिक मुलं मागे पडलेली दिसली नाहीत, उलट पुढे होती. लहान मूल एका वाक्यात तीन भाषा मिसळतं हे खरं. पण समोरच्याला कोणती भाषा कळते याचा अंदाज त्याला फार लवकर येतो. वॉचमनशी तमिळ आणि आजीशी मराठी बोलणारं मूल गोंधळलेलं नसतं.

दुसरा गैरसमज थोडा शहाणा वाटतो, म्हणून जास्त नुकसान करतो: रविवारच्या मराठी वर्गाला घातलं की काम झालं. आठवड्याला दोन तास आणि वर्षाला पस्तीस रविवार धरले, तर सत्तर तास होतात. घरी रोज दोन तास मराठी कानावर पडलं तर वर्षाचे सातशेहून अधिक. भाषा अखेर कानावर पडूनच येते. बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या १,८९९ कुटुंबांची पाहणी आनिक द हाउवर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केली. आईवडील दोघेही घरात केवळ आपली भाषा बोलत, तिथे शंभरात सुमारे ९७ कुटुंबांत मुलं ती बोलत होती. एकाने आपली आणि दुसऱ्याने बाहेरची भाषा बोलायची, या वाटणीत हे प्रमाण सुमारे ७४ वर आलं. म्हणजे घरात तमिळ किंवा इंग्रजी ‘सरावासाठी’ आणायची गरज नाही. ती शाळेतून आणि गल्लीतून येतेच.

धोक्याची खूण एकच, आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते: मुलाला सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. मोठं भावंड शाळेत जाऊ लागलं की दोघं आपसात इंग्रजीत भांडतात. भांडण इंग्रजीत गेलं की समजावं, मराठी आता फक्त ऐकण्यापुरती उरते आहे. मग दटावून उपयोग नाही. त्याने मूल मराठीपासूनच दूर पळतं, हा आक्षेप रास्त आहे. पण गप्प राहणं हा काही एकमेव पर्याय नव्हे. मूल म्हणालं, “आई, आय स्पिल्ड द मिल्क,” तर “सांडलंस होय? कुठे सांडलं, ओट्यावर की खाली?” असं विचारावं. शब्द हातात मिळतो, प्रश्न खरा असतो आणि उत्तराला मराठी वाट मोकळी राहते. आईनेच इंग्रजीत उत्तर दिलं, तर मुलाने मराठीत बोलायचं कशाला?

मग घरी बोललं की पुरे? इथे तंजावरचा दाखला पाहावा. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर तमिळ मुलखात गेलेल्यांचे वंशज आजही, चेन्नईतसुद्धा, घरात मराठी बोलतात. जवळजवळ साडेतीनशे वर्षं, तीही महाराष्ट्राच्या आधाराविना! घरच्या बोलण्याचं याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. पण त्याच घराण्यातल्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळात कोरवलेला मराठी शिलालेख यांतल्या बहुतेकांना वाचता येत नाही. १८५५ नंतर दरबार गेला, कागदपत्रं गेली, शाळा तमिळ आणि इंग्रजीच्या झाल्या. बोली घरात राहिली, लिपी सुटली आणि नव्या मराठी पुस्तकांशी संबंध उरला नाही. वाचन आपोआप येत नाही. वर्गाची खरी जागा तीच.

चेन्नईतल्या मुलाला यात एक सोय आहे. शाळेत हिंदी असेल तर देवनागरी आलेलीच असते, आणि तमिळमुळे ‘ळ’ जिभेवर बसलेला असतो. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर आहे, त्यामुळे ‘खार’ आणि ‘गार’ यांची गल्लत होते. हिंदीच्या सवयीने ‘पाणी’चं ‘पानी’ होतं, आणि ‘चमचा’तला च ‘चिमणी’तल्यासारखा उच्चारला जातो. मोठ्या माणसाने बोट ठेवून रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचलं, की या चुका कानाला कळतात आणि हळूहळू सुटतात. पाठ्यपुस्तकापासून सुरुवात करू नये. चित्रं जास्त, ओळी थोड्या असंच पुस्तक हवं. तुलिका ही प्रकाशनसंस्था चेन्नईचीच, आणि ती मराठीतही बालपुस्तकं काढते. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे. वर्गात नाव नोंदवण्याआधी ही पुस्तकं आणि हे मासिक घरात आणा.