यादी रिकामी, पण आवृत्ती तयार आहे का?

सॉफ्टवेअर कंपनीत ‘तिकीट’ म्हणजे एका कामाची नोंद. एखादी चूक दुरुस्त करायची असते किंवा नवी सोय द्यायची असते. जिरा या प्रणालीत तिकिटावर एक रकाना असतो: हे काम कोणत्या आवृत्तीत जाणार? आवृत्ती ग्राहकांना देण्याआधी त्या रकान्यातले प्रत्येक तिकीट बंद आहे, त्याची चाचणी झाली आहे आणि माहिती लिहून झाली आहे, याची खातरजमा करावी लागते.

समजा, वीजबिल भरण्याच्या अ‍ॅपची 4.2.0 ही आवृत्ती निघायची आहे. पहिला शोध असा:

```
project = BILL AND fixVersion = "4.2.0"
AND resolution IS EMPTY
```

यात दोन तिकिटे सापडली. पहिल्याचे काम झालेले आहे, स्टेटसही ‘Done’ आहे. फक्त रेझोल्युशनचा रकाना भरायचा राहिला. जिरा तिकीट निकाली निघाले की नाही हे याच रकान्यावरून ठरवते, स्टेटसवरून नाही. त्यामुळे उलटही घडते: पुन्हा उघडलेल्या तिकिटावरचे जुने रेझोल्युशन कोणी पुसले नाही, तर ते या शोधात दिसतच नाही.

दुसरे तिकीट, BILL-212, विलंब आकाराच्या हिशोबाचे आणि खरोखरच अपुरे. अशा वेळी ते पुढच्या आवृत्तीत ढकलतात आणि यादी रिकामी होते. मोठी फसगत इथेच होते. ढकलली गेली ती नोंद. अर्धवट कोड शाखेत तसाच राहिला. म्हणून यादी कोडशी ताडून पाहावी लागते:

```
git log v4.1.0..release-4.2 --oneline
```

मागच्या आवृत्तीनंतर शाखेत आलेले सगळे बदल यात दिसतात. प्रत्येक बदलाच्या संदेशात तिकिटाचा क्रमांक लिहिण्याची शिस्त असेल, तरच ही ताडणी जमते. BILL-212 इथे सापडले, म्हणजे तो बदल मागे घ्यायचा किंवा बंद ठेवायचा. याउलट BILL-198 यादीत बंद आहे, पण इथे त्याचा मागमूस नाही: दुरुस्ती मुख्य शाखेत झाली, रिलीजच्या शाखेत आणायची राहिली.

चाचणीबाबत एकच प्रश्न महत्त्वाचा असतो: ती कोणत्या बिल्डवर झाली? तिकिटावर ‘पास’ लिहिले असेल, पण चाचणी १०७ क्रमांकाच्या बिल्डवर झाली आणि ग्राहकांकडे ११० जाणार असेल, तर मधल्या बदलांनी तोच भाग हलला का हे पाहून गरज असेल तिथे पुन्हा चाचणी करावी लागते. BILL-212 मागे घेतल्यावर तर नवा बिल्ड होणारच.

दस्तऐवजाचे काम बहुधा शेवटी उरते. तिकिटाचे शीर्षक प्रकाशन-टिपणात उतरवले की झाले, असे समजतात. पण ‘टाइमआउट दुरुस्त’ यातून सर्व्हर चालवणाऱ्याला काहीच कळत नाही. सेटिंगचे नाव बदलले असेल, तर जुने नाव, नवे नाव आणि जुने तसेच ठेवल्यास काय होईल, हे तिथे लिहावे लागते.