राहिलेले दीडशे नग

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतला एखादा कास्टिंगचा कारखाना डोळ्यांसमोर आणा. इंग्लंडमधल्या पंप बनवणाऱ्या कंपनीची चारशे केसिंगची ऑर्डर आहे, अडीचशे नग गेले आणि भट्टी बिघडली. कारखान्याचा मालक गिऱ्हाइकाला मेल लिहायला बसतो. मनातला मजकूर मराठीत असतो आणि मराठी म्हणून तो अगदी चोख असतो: 'आपल्या 2 जूनच्या मेलच्या अनुषंगाने कळवू इच्छितो की, गेल्या आठवड्यात आमच्या भट्टीत बिघाड झाल्यामुळे दीडशे नग पाठवायचे राहिले आहेत. ते लवकरात लवकर पाठवून देऊ. तसेच पुढच्या ऑर्डरमधील झाकणाच्या मापाबद्दल थोडी शंका आहे. तरी आपण सुधारित ड्रॉइंग पाठवावे, ही विनंती.'

हाच मजकूर शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत उतरतो. 'वन फिफ्टी पीसेस हॅव रिमेन्ड टु सेंड. वी विल सेंड अ‍ॅट द अर्लिएस्ट. वी हॅव सम डाउट अबाउट युवर ड्रॉइंग. यू शुड सेंड रिव्हाइज्ड ड्रॉइंग.' यात व्याकरणाच्या चुका आहेत, पण त्या समोरचा माणूस सहज पोटात घालतो. नुकसान होतं ते व्याकरण सुधारल्यावरही तसंच राहणाऱ्या गोष्टींनी, म्हणून आपण त्यांच्याकडेच बघू.

सगळ्यात महाग पडतो तो 'डाउट'. मराठीत शंका विचारणं हे आदराचं लक्षण आहे. विद्यार्थी गुरुजींना शंका विचारतो, आणि तीच सवय आपण 'डाउट' या शब्दात भरली आहे. इंग्रजांच्या कानाला मात्र 'डाउट' म्हणजे अविश्वास. 'तुमच्या ड्रॉइंगबद्दल आम्हाला डाउट आहे' हे वाचून तिथला इंजिनिअर समजतो की, त्याचं काम चुकलं असं आपण म्हणतो आहोत. आपल्याला फक्त विचारायचं होतं. तिथे 'क्वेश्चन' हा साधा शब्द हवा, आणि त्याच्या मागोमाग प्रश्न काय आहे तेही हवं. ड्रॉइंगवर 212 मिलिमीटर आहे आणि ऑर्डरमध्ये 210, यातलं बरोबर कुठलं? एवढं लिहिलं की समोरचा माणूस दोन मिनिटांत उत्तर देऊ शकतो. 'थोडी शंका आहे' यावर त्याला आधी 'कसली?' असं विचारावं लागतं, आणि दोन देशांच्या घड्याळांमध्ये त्या एका प्रश्नात एक दिवस जातो.

दुसरी अडचण 'पाठवावे' या क्रियापदाची. आपला विध्यर्थ फार सोयीचा आहे. 'यावे', 'बसावे', 'कळवावे' यांत विनंती असते, आदर असतो, जबरदस्ती नसते. शाळेत मात्र आपल्याला 'करावे' म्हणजे 'शुड' असं शिकवलेलं असतं. 'यू शुड सेंड' हे इंग्रजीत सल्ल्यासारखं किंवा कानउघाडणीसारखं ऐकू येतं: तुम्ही ते पाठवायला हवं होतं, अजून कसं पाठवलं नाहीत? मराठीतली नम्रता क्रियापदाच्या प्रत्ययात बसलेली असते आणि प्रत्यय सीमेपलीकडे जात नाही. इंग्रजीत ती प्रश्नात बसवावी लागते: 'कुड यू सेंड...?' पुढे 'काइंडली' जोडून काम भागेल असं अनेकांना वाटतं. ब्रिटिश वाचकाला तो शब्द हल्ली जुनाट, क्वचित ठसक्याचाही वाटतो. 'प्लीज' पुरतं.

आता 'राहिले आहेत'. मला हे मराठीचं एक देखणं वैशिष्ट्य वाटतं. उशीर झाला, लक्षातून गेलं, पाठवायचं राहिलं: गोष्ट घडते, पण कर्ता कुठे दिसत नाही. त्यात लबाडी नाही, कुणालाही न दुखावता बोलण्याची ती रीत आहे. पण राहिलेल्या मालाची वाट बघणाऱ्या इंग्रज खरेदी अधिकाऱ्याला या वाक्यात जबाबदारी घेणारा माणूस हवा असतो. 'वी हॅव नॉट शिप्ड' असं 'वी' घेऊन लिहिलं की त्याला वाटतं, कुणीतरी यावर काम करत आहे. 'लवकरात लवकर'चंही तसंच. त्या शब्दांवर त्याला स्वतःचं उत्पादनाचं वेळापत्रक बसवता येत नाही. त्याला तारीख द्या, मग ती दूरची असली तरी चालेल.

आणि शेवटी क्रम. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि मराठी पत्रातही मुद्दा शेवटी येतो. आधी संदर्भ, मग कारण, मग परिणाम आणि 'तरी' म्हणून विनंती. कारण आधी सांगितलं की वाईट बातमी मऊ होऊन पोचते, असं आपल्याला वाटतं. तिकडचा वाचक भट्टीची हकिगत वाचताना अस्वस्थ होतो, कारण आपला माल येणार की नाही हे त्याला अजून कळलेलं नसतं. म्हणून पत्र उलटं करायचं. कारण टाकून द्यायचं नाही, फक्त खाली न्यायचं.

तो मेल आता असा होतो. विषयाच्या ओळीतच ऑर्डरचा नंबर आणि 'वन फिफ्टी केसिंग्ज डिलेड टु ट्वेंटी जून'. मग मजकूर: 'वी हॅव शिप्ड टू फिफ्टी ऑफ युवर फोर हंड्रेड केसिंग्ज. द रिमेनिंग वन फिफ्टी विल लीव्ह अस ऑन ट्वेंटी जून. आय अ‍ॅम सॉरी फॉर द डिले. अवर फर्नेस ब्रोक डाउन लास्ट वीक अँड इज नाउ रनिंग अगेन.' त्यानंतर वेगळ्या परिच्छेदात झाकणाचा प्रश्न, दोन्ही मापांसह, आणि 'कुड यू कन्फर्म द करेक्ट साइझ बाय ट्वेल्व्ह जून?' माफी एकदाच. 'रिस्पेक्टेड सर'ऐवजी 'डिअर' आणि त्या माणसाचं नाव.

नव्या मेलमध्ये एकही अवघड शब्द नाही, हे पाहण्यासारखं आहे. बदलासाठी जे लागलं ते इंग्रजीच्या पुस्तकात नव्हतं, कारखान्यात होतं. वीस तारीख सांगायची तर आधी भट्टीवरच्या माणसाला विचारावं लागतं. 'लवकरात लवकर' लिहिताना ते विचारणं टळतं. असा मेल सुधारायला घेतला की पुष्कळदा इंग्रजी बाजूला राहतं आणि फोन लावावा लागतो.

हे सगळीकडे सारखं लावू नये. पुण्याच्या कंपनीने चेन्नईच्या कंपनीला 'डू द नीडफुल' लिहिलं तर दोघांना त्याचा अर्थ नेमका कळतो, तिथे सुधारायचं काही नाही. कर्ता लपवण्याची मराठी रीतही एका ठिकाणी जशीच्या तशी वापरावी: चूक समोरच्याची असेल तेव्हा. गिऱ्हाईक ड्रॉइंग जोडायला विसरलं, तर 'यू डिड नॉट अटॅच द ड्रॉइंग' हे बोट दाखवणं झालं. 'द ड्रॉइंग डझ नॉट सीम टु बी अटॅच्ड' असं जाणता इंग्रज लिहितो. ते 'ड्रॉइंग जोडायचं राहिलंय वाटतं' याचंच इंग्रजी आहे, आणि तिथे मराठी माणसाला काही नवं शिकावं लागत नाही.