वाटी कोणाची, चमचा कोणता? रेसिपी विकायला काढण्याआधी माप पक्कं करा

आज वही-पेन घेऊनच बसा, आणि जमलं तर घरातली रोजची वाटी आणि रोजचा चमचाही जवळ ठेवा.

आपल्या खामगावच्या बॅचमधल्या एका ताईंची गोष्ट सांगतो. दिवाळीच्या तोंडावर त्यांना नानखटाईची पहिली ऑर्डर मिळाली, दोन किलोची. रेसिपी घेतली एका व्हिडिओवरून. व्हिडिओ करणाऱ्या बाई मराठीच, पण राहायला अमेरिकेत. प्रमाण असं होतं: २ कप मैदा, १ कप पिठीसाखर, १ कप तूप आणि अर्धा चमचा खायचा सोडा. ताईंनी घरच्या वाटीने मापून आधी एक छोटा घाणा करून पाहिला. नानखटाई तपकिरी झाली, वरून तडकली, आणि तोंडात टाकल्यावर साबणासारखी चव राहिली.

ताई म्हणाल्या, "दादा, सोडाच खराब निघाला." नवीन पुडी आणली. पुन्हा तेच. मग मी म्हटलं, "उद्या येताना सोडा नका आणू, तुमची वाटी आणि चमचा आणा."

क्लासमध्ये वजनकाट्यावर रिकामी वाटी ठेवली, काटा शून्यावर आणला आणि वाटी काठोकाठ पाण्याने भरली. वजन आलं १५० ग्रॅम. १ मिली पाण्याचं वजन साधारण १ ग्रॅम असतं, म्हणजे वाटी झाली १५० मिलीची. तसाच चमचा मोजला. तो पोहे खायचा चमचा होता, त्यात १० मिली पाणी मावलं.

आता व्हिडिओतलं माप बघा. अमेरिकेतला कप साधारण २४० मिलीचा असतो आणि त्यांचा छोटा चमचा ५ मिलीचा. त्या कपात मैदा सुमारे १२५ ग्रॅम बसतो, म्हणजे २ कप मैदा झाला २५० ग्रॅम. अर्धा छोटा चमचा सोडा साधारण अडीच ग्रॅम भरतो. म्हणजे १०० ग्रॅम मैद्यामागे १ ग्रॅम सोडा.

ताईंच्या दोन वाट्यांत मैदा बसला सुमारे १५५ ग्रॅम. त्यांच्या अर्ध्या चमच्यात सोडा आला जवळजवळ ५ ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅम मैद्यामागे सव्वातीन ग्रॅम. तिप्पट! सोडा चांगलाच होता. वाटीने मैदा कमी केला, चमच्याने सोडा वाढवला, आणि दोन्ही चुका एकाच बाजूला गेल्या.

नुसती वाटी असती तर बिघडलं नसतं

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळा विषय तिच्यावरच उभा आहे.

आपल्या आईचे शंकरपाळे आठवा. एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप आणि मावेल तितका मैदा. ही वाटी १५० मिलीची घ्या नाहीतर २५० ची, शंकरपाळे सारखेच होतात. फक्त कमी-जास्त होतात. कारण सगळं एकाच वाटीने मोजलंय, त्यामुळे प्रमाण टिकतं. म्हणूनच आपल्या आज्यांचं कधी अडलं नाही.

अडतं कधी? एकाच रेसिपीत दोन वेगळी मापं आली की. वाटी आणि चमचा, वाटी आणि ग्रॅम, वाटी आणि नग. "२५ लिंबं आणि १ वाटी मीठ" घ्या. लिंबं नगावर, मीठ वाटीवर. लिंबं मोठी आणि वाटी छोटी असेल तर मीठ कमी पडतं आणि लोणच्याला बुरशी लागते. घरचं लोणचं असेल तर फेकून देता येतं, पण पन्नास बरण्या गिऱ्हाइकाकडे गेल्यावर काय करणार? तेव्हा कुठलीही रेसिपी हातात आली की आधी हेच बघा: यात किती प्रकारची मापं आहेत? एकच असेल तर निश्चिंत रहा. दोन असतील तर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एकाच नावाची वेगवेगळी मापं

"कप" म्हटलं की अमेरिकेत साधारण २४० मिली, ऑस्ट्रेलियात २५० मिली. राइस कुकरसोबत मिळणारा कप बहुतेक वेळा १८० मिलीचा असतो. आपला चहाचा कप तर त्याहून लहान. बाजारातल्या प्लास्टिकच्या कपसेटवर कधी २४० लिहिलेलं असतं, कधी २५०. त्यामुळे सेट घेताना मागे छापलेला आकडा वाचा, आणि घरी आल्यावर पाणी भरून एकदा तपासाच.

चमच्यात गोंधळ आणखी जास्त. स्क्रीनवर tsp दिसलं तर छोटा चमचा, ५ मिली. tbsp दिसलं तर मोठा चमचा, १५ मिली. एका अक्षराचा फरक, पण माप तिप्पट. ऑस्ट्रेलियातली रेसिपी असेल तर मोठा चमचा २० मिलीचा असतो. शिवाय चमचा सपाट की शीग लावून? शीग लावलेला चमचा सपाट चमच्याच्या दुपटीलाही जातो. रेसिपीत काही सांगितलं नसेल आणि मापाचे चमचे वापरले असतील तर सपाट धरायचा. चमचा भरा आणि सुरीच्या पाठीने वरचं सरळ कापा.

राहिला औंस. oz म्हणजे वजनाचा औंस, सुमारे २८ ग्रॅम. fl oz म्हणजे पातळ पदार्थाचा औंस, अमेरिकेत तो साधारण ३० मिली. पाणी-दुधाला फरक किरकोळ पडतो, पण "८ oz चीज" वाचून कोणी मापाच्या कपात चीज भरायला लागलं तर चुकतं. ते काट्यावर मोजायचं, सुमारे २२७ ग्रॅम. आपल्या रजतनगरीतल्या लोकांना तर तिसराही औंस माहीत हवा. चांदीचा जागतिक भाव ज्या औंसावर सांगतात तो ३१.१ ग्रॅमचा असतो, त्याचा स्वयंपाकघराशी काही संबंध नाही.

चांदीवरून तोळा आठवला. आज सराफ्यात तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात, पण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. ८० तोळ्यांचा शेर भरायचा ९३३ ग्रॅम, म्हणजे त्या काळचा पावशेर २३३ ग्रॅमचा. आज आपण पावशेर म्हणतो आणि २५० ग्रॅम घेतो. देशात दशमान वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्यामुळे आजीच्या वहीतला मसाला विकायला काढायचा असेल तर वही कोणत्या काळातली आहे ते घरात विचारून घ्या. मसाला सगळाच तोळ्यावर लिहिलेला असेल तर प्रश्न नाही, शंकरपाळ्यांसारखंच. पण "मिरच्या एक किलो, धणे अर्धा किलो, लवंग ५ तोळे" असं जुनं-नवं एकत्र असेल तर ५ तोळे म्हणजे ५० ग्रॅम की ५८, हे ठरवावं लागेल.

विचारायचं कसं?

"तुमची वाटी केवढी हो?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "अहो, आपली नेहमीचीच!" दोघींच्याही मनात आपापली वाटी असते, आणि दोघींनाही वाटतं की समजलं.

त्यापेक्षा आकडा मागा. "काकू, त्या वाटीत पाणी भरून किती ग्रॅम होतं ते सांगाल का?" काकूंकडे काटा नसेल तर म्हणा, "एक किलोच्या मैद्याच्या पिशवीतून तुमच्या किती वाट्या निघतात?" आठ वाट्या निघत असतील तर एका वाटीत १२५ ग्रॅम, म्हणजे वाटी मोठी, जवळजवळ अमेरिकन कपाएवढी. बारा-तेरा निघाल्या तर वाटी ताईंच्या वाटीसारखी छोटी. समोरच हवं असेल तर आपणच वाटी घेऊन जा आणि त्यांच्या वाटीतलं पाणी आपल्या वाटीत ओतून बघा.

व्हिडिओवाल्याला विचारणं शक्य नसेल तर रेसिपीतच खूण शोधा. कुठे ना कुठे एखादा पदार्थ दोन्ही मापांत सांगितलेला असतो. "अर्धा कप म्हणजे ११३ ग्रॅम बटर" असं दिसलं की कप अमेरिकन. काहीच खूण नसेल तर अगदी छोटा घाणा करून बघा. सोड्यासारखा पदार्थ त्यात आधी कमी टाका. कमी पडला तर पुढच्या घाण्यात वाढवता येतो.

एकदा ग्रॅममध्ये आणा, मग वाटी ठेवून द्या

घाणा मनासारखा जमला की त्याच दिवशी हे काम करा. पुढच्या वेळी प्रत्येक जिन्नस नेहमीच्या वाटीने घ्या, पण भांड्यात टाकण्याआधी काट्यावर ठेवा आणि ग्रॅम लिहा. असं तीन घाण्यांना करा. मैद्याचा आकडा दर वेळी थोडा हलेल, कारण वाटी पिठात खुपसून भरली तर पीठ दाबलं जातं आणि चमच्याने हलकं भरलं तर कमी बसतं. एका कपात १२० ग्रॅमही बसतो आणि १५० सुद्धा. म्हणून ज्या घाण्याची चव सगळ्यात आवडली, त्याचेच आकडे कार्डावर लिहून भिंतीला लावा. उद्या मदतीला कोणी बाई ठेवली तर ती कार्ड बघून करेल, तुमच्या हाताचा अंदाज तिला लागणार नाही.

एक मर्यादा सांगतो. साधा काटा १ ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो, त्यावर अडीच ग्रॅम सोडा नीट मोजता येत नाही. छोट्या घाण्याला ५ मिलीचा मापाचा चमचा सपाट भरून वापरा. मोठ्या घाण्याला सोडा २०-२५ ग्रॅमवर गेला की मग काटा बरोबर काम देतो.

आणि घरात मापायचा काटा वेगळा, विकायचा वेगळा. गिऱ्हाइकाला वजन करून देणार असाल तर काटा वैधमापन विभागाकडून तपासून, शिक्का मारून घ्यावा लागतो. पाकिटावरही निव्वळ वजन ग्रॅम किंवा किलोतच छापायचं.

आपल्या ताईंनी पुढे काय केलं? २४० मिलीचा कप आणि ५ मिलीचा चमचा आणला. पुढचा घाणा पांढरट-बदामी आणि खुसखुशीत निघाला. दोन किलोची ऑर्डर वेळेवर गेली. आता त्यांच्या भिंतीवर कार्ड आहे, आणि त्यावर "वाटी" हा शब्दच नाही.

तुमचा आजचा गृहपाठ एवढाच: आपली वाटी आणि चमचा पाण्याने मोजा आणि जो आकडा येईल तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा.